आरएफई आलंय? आधी तारीख बघा, मग कागद शोधा

मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल म्हणून काम करते. मी स्वतः वकील नाही, पण पत्रं उघडणं, तारखा मोजणं, कागद लावणं आणि लोकांना पाच पाच वेळा फोन करून "अहो तो दाखला आला का" विचारणं हे सगळं माझ्याकडे असतं. मराठी माणूस असला की फोन आपोआप माझ्याच टेबलावर येतो, आणि सुरुवातीचं वाक्य ठरलेलं असतं, "अगं ते इमिग्रेशनचं पत्र आलंय, रिजेक्ट केलं वाटतं."

रिजेक्ट केलेलं नसतं. ते पत्र म्हणजे आरएफई, रिक्वेस्ट फॉर एव्हिडन्स, आणि पत्राच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा आय-७९७ई असा फॉर्म नंबर असतो. यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा ऑफिसर तुमची फाईल वाचायला बसला, आणि त्याला एखाद्या मुद्द्यावर पुरावा कमी वाटला, म्हणजे फाईलमध्ये जेवढं आहे तेवढ्यावर तो हो म्हणू शकत नाही पण लगेच नाही पण म्हणत नाही, तो विचारतोय. आपल्याकडे तहसीलमध्ये अर्जावर "त्रुटी पूर्तता करावी" असा शेरा मारून परत देतात ना, साधारण तीच गोष्ट, फक्त इथे पूर्तता एकदाच करता येते. ते एकदाच प्रकरण पुढे सांगते कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच फसतात.

एक मात्र नीट बघा, पत्राच्या वर नाव काय आहे. रिक्वेस्ट फॉर एव्हिडन्स असेल तर वर सांगितलं तसं. नोटिस ऑफ इंटेंट टू डिनाय असेल तर मामला जास्त गंभीर आहे, तिथे ऑफिसरचं मन नकाराकडे झुकलेलं आहे आणि जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात. तसं पत्र असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि वकिलाकडे जा.

आता तारीख. नियमाप्रमाणे आरएफईला जास्तीत जास्त बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस देता येतात, आणि पत्र पोस्टाने पाठवलं असेल तर त्यात ३ दिवस आणखी धरतात. ग्रीन कार्डच्या आय-४८५ सारख्या अर्जाला साधारण पूर्ण ८४ मिळतात, व्हिजिटर किंवा डिपेंडंटचा मुक्काम वाढवायच्या आय-५३९ ला मात्र ३० च दिवस मिळतात, त्यामुळे "माझ्या भावाला तीन महिने मिळाले होते" हे तुमच्या पत्राला लागू होईलच असं नाही. पत्रावर शेवटची तारीख छापलेली असते, तीच खरी. वरचे ३ दिवस बहुतेक वेळा त्या छापील तारखेत आधीच मिळवलेले असतात, म्हणून आपण स्वतःच्या मनाने पुन्हा ३ दिवस वाढवायचे नाहीत. मी असं करणारे लोक बघितलेत म्हणून सांगतेय.

तीन गोष्टी इथे डोक्यात पक्क्या करा. दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हातात पत्र पडलं त्या दिवसापासून नाही. त्या तारखेला तुमचं उत्तर त्यांच्याकडे पोचलेलं पाहिजे, पोस्टाचा शिक्का त्या तारखेचा असून चालत नाही. आणि मुदत वाढवून मिळत नाही, म्हणजे ऑफिसरला दया येत नाही असं नाही, नियमातच वाढवायची सोय नाहीये. आई आजारी होती, गावाकडे पूर आला, क्लार्क रजेवर होता, सगळं खरं असलं तरी.

आता ते एकदाच प्रकरण. आरएफईमध्ये समजा चार गोष्टी मागितल्यात आणि तुमच्याकडे तीन तयार आहेत, तर लोकांना वाटतं तीन आत्ता पाठवू आणि चौथी नंतर, तेवढंच ऑफिसरला कळेल की आपण हालचाल करतोय. हे अजिबात करू नका. सगळं उत्तर एका वेळी, एका पाकिटात जायला लागतं. तुम्ही अर्धं पाठवलं की त्याचा अर्थ असा धरतात की बस, एवढंच आहे आमच्याकडे, आता निकाल द्या. मग चौथा कागद नंतर पाठवला तरी त्याची वाट बघायला ते बांधील नसतात. आणि काहीच पाठवलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरून नाकारता येतो.

बाकी थिअरी पुरे, एक केस सांगते. परवानगी घेतलीये, नावं बदललीत.

एक मैत्रीण, एडिसनला राहते, अमेरिकन सिटिझन. आई व्हिजिटर व्हिसावर आली होती, वडील गेलेत, गावाकडे आता एकटी कुठे ठेवायची म्हणून मे २०२५ मध्ये आईसाठी आय-१३० म्हणजे नातं दाखवायचा फॉर्म आणि आय-४८५ एकत्र भरलं. अर्ज त्यांनी घरीच भरला, आमच्याकडे आल्या त्या आरएफई घेऊन. पत्रावर तारीख १८ ऑगस्ट, शेवटची तारीख १३ नोव्हेंबर, आणि घरी पत्र पोचलं २७ ऑगस्टला, बरोबर गणेश चतुर्थीच्या दिवशी, म्हणजे ८७ मधले ९ दिवस टपालातच गेले. पत्र मोदकांच्या सामानाखाली दोन दिवस पडून होतं हे तिने नंतर कबूल केलं.

पत्रात दोन गोष्टी होत्या. आरएफईची भाषा जड असते, अर्धी पानं नियमांची कॉपी पेस्ट असतात, त्यामुळे मी पहिल्यांदा पेन घेऊन फक्त "तुम्ही दिलेलं अमुक पुरेसं नाही कारण तमुक" अशी वाक्यं शोधते आणि त्यांना नंबर देते. तिच्या पत्रात पहिलं हे होतं की आईचा जन्मदाखला लावलेला नाही, शाळा सोडल्याचा दाखला लावलाय पण जन्मदाखला का मिळत नाही हे कुठे दाखवलेलं नाही, आणि शिवाय त्या दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. दुसरं आय-८६४ म्हणजे आर्थिक जबाबदारीच्या फॉर्मबद्दल होतं, मुलीचं उत्पन्न कमी पडतंय असं.

दुसरं सोपं होतं म्हणून आधी तेच सांगते. घरात माणसं पाच, ती, नवरा, दोन मुलं आणि आता आई. पाच जणांच्या घराला २०२५ च्या हिशोबात ४७,०६२ डॉलर वार्षिक उत्पन्न दाखवायला लागत होतं, हे गरिबी रेषेच्या १२५ टक्के असतं. तिचा पार्टटाइम पगार ३८,००० च्या आसपास. नवऱ्याचा पगार भरपूर, टॅक्स रिटर्न दोघांचा एकत्र, त्यावर एकूण आकडा मोठा दिसतोय, मग अडचण काय? अडचण ही की स्पॉन्सर फक्त ती होती. नवऱ्याचं उत्पन्न आपोआप धरत नाहीत, त्याने आय-८६४ए नावाच्या वेगळ्या फॉर्मवर सही करून मी पण जबाबदार आहे असं म्हणावं लागतं, तो फॉर्म राहून गेला होता. फॉर्म, त्याची आयआरएसची ट्रान्सक्रिप्ट, नोकरीचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा. चार दिवसांचं काम.

खरं काम पहिलं होतं.

आई साताऱ्याकडच्या एका वाडीवर जन्मलेली. पासपोर्टवर जन्मतारीख १ जून १९५४. ही १ जून बघितली की मला हसू येतं, कारण आपल्याकडे एका पिढीतले अर्धे लोक १ जूनला जन्मलेत, शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, घरचे म्हणायचे पेरणीच्या आधीचा असेल, गुरुजी १ जून लिहून मोकळे. अमेरिकन ऑफिसरला ह्यातलं काही माहीत असायचं कारण नाही. आणि नाव, माहेरचं सुशीला, लग्नात बदलून वैशाली ठेवलं. म्हणजे आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि पहिलं नावसुद्धा बदललं. आपल्याला ह्यात काही वाटत नाही, पण कागदावर बघणाऱ्याला शाळेच्या दाखल्यावर एक बाई दिसते आणि पासपोर्टवर दुसरीच.

आता जन्मदाखला नसेल तर नियम काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण हा पायऱ्यांचा नियम आहे आणि पायरी गाळली की आरएफई येतं, हिचं तेच झालं होतं. पहिली पायरी, दाखला अस्तित्वात नाही किंवा मिळत नाही हे सरकारी लेटरहेडवर लिहून आणा. ती असेल तरच दुसरी पायरी, जुने दुय्यम पुरावे, शाळेचे वगैरे. आणि ते पण मिळत नसतील तर तिसरी, दोन किंवा जास्त माणसांची अॅफिडेव्हिट्स, ज्यांना जन्माची प्रत्यक्ष माहिती आहे आणि जे ह्या अर्जात स्वतः पार्टी नाहीत. मैत्रिणीने थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारली होती. शाळेचा दाखला खरा होता, चांगला होता, पण पहिली पायरी नसल्यामुळे ऑफिसरच्या दृष्टीने तो हवेत लटकत होता.

तिचा पहिला विचार होता की आईला घेऊन गावी जाते, सगळे कागद पंधरा दिवसांत गोळा करते आणि परत येते. मी जवळजवळ ओरडलेच. आय-४८५ चालू असताना आधीच परवानगी, म्हणजे अॅडव्हान्स पॅरोल, हातात नसताना आई देशाबाहेर गेली तर बहुतेकांच्या बाबतीत तो अर्जच सोडून दिला असं धरतात. कागद आणायला गेली आणि ज्याच्यासाठी कागद हवेत तोच अर्ज गेला. मुलगी सिटिझन आहे, ती खुशाल जाऊ शकते, पण तीही गेली नाही, काम मामांनी केलं.

मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ, वय ८०, साताऱ्यात राहतात, आणि त्यांचा मुलगा मोटरसायकलवर त्यांना घेऊन फिरला. मी त्यांना व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडून जन्मनोंद आढळून येत नाही असा दाखला, ज्यात आईचं माहेरचं पूर्ण नाव, आजोबांचं नाव, गाव, आणि कुठल्या वर्षांची रजिस्टरं तपासली ते लिहिलेलं असलं पाहिजे, गोल शिक्का, जावक क्रमांक, तारीख, सगळं. पहिला दाखला आला त्यात नुसतं "सदर व्यक्तीची नोंद आढळत नाही" असं होतं, सदर व्यक्ती कोण ते नाही. परत पाठवला. भाऊसाहेब जरा वैतागले म्हणे, पण दिला.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गाव नमुना १४. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी धावपळ केलीये त्यांना हे नाव पाठ असतं. पूर्वी गावचा कोतवाल जन्म मृत्यू सांगायचा आणि ते इथे लिहिलं जायचं. पण ह्यात बहुतेक वेळा बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच. आजोबांच्या नावापुढे मुलगी अशी नोंद सापडली, सुदैवाने बाळबोधीत होती, मोडीत असती तर मोडी वाचणारा माणूस शोधण्यात आणखी दहा दिवस गेले असते. आणि तारीख निघाली १२ मार्च १९५५.

इथे सगळे गप्प झाले. पासपोर्टवर १ जून १९५४, कोतवाल बुकात १२ मार्च १९५५. मामेभाऊ म्हणाला, ताई हा कागद लावायचाच नाही ना मग, कोणाला कळणारे. त्यात एका एजंटने त्याला सांगितलं होतं की दहा दिवसांत १९५४ चा जन्मदाखला करून देतो, पैसे किती ते मी लिहीत नाही.

एजंटचं आधी संपवते. खोटा कागद लावला आणि सापडला तर नुसता हा अर्ज जात नाही, फसवणुकीचा शिक्का बसला की पुढे कुठलाही व्हिसा मिळणं जन्मभर अवघड होतं, आणि भारतातल्या नोंदी अमेरिकन वकिलातीमार्फत पडताळता येतात. आणि दाखला खरा असला, म्हणजे रीतसर उशिरा नोंद करून २०२५ मध्ये काढला असला, तरी ऑफिसर त्याच्यावरची नोंदणीची तारीख बघतो. सत्तर वर्षांनी झालेल्या नोंदीला एकटीला फार वजन नसतं, तिच्यामागे जुने कागद लागतातच. म्हणजे शेवटी जुने कागद शोधायचेच आहेत, मग नवीन दाखल्यामागे वेळ का घालवायचा, हाताशी ८७ दिवस असताना?

आता कोतवाल बुकाचं. आमच्या वकिलांनी सांगितलं तो कागद लावायचा. कारण अॅफिडेव्हिटमध्ये मामा शपथेवर जन्माबद्दल बोलणार, मुलगी शपथेवर फॉर्म भरणार, आणि आपल्याला माहीत असलेली नोंद दडवून त्याच्या उलट शपथ घ्यायची हे बरोबर नाही. आणि खरं तर त्या नोंदीने आपलं कामच होत होतं, आजोबांना त्या गावात साधारण त्या काळात मुलगी झाली हे जुन्या सरकारी पुस्तकात होतं. फक्त तारखेचा फरक का आहे ते सांगायला लागणार होतं. मामांनी सांगितलं की ते पाच भावंडं, मुली दोन, धाकटी बहीण जन्मली १९६१ ला, म्हणजे १९५५ ची नोंद दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. हे त्यांच्या अॅफिडेव्हिटमध्ये घातलं, धाकट्या मावशीच्या शाळेच्या दाखल्याची कॉपी घातली, आणि शाळेत तारीख अंदाजे लिहायची पद्धत होती, पासपोर्ट पुढे शाळेच्या दाखल्यावरून निघाला, असं सरळ दोन वाक्यांत लिहिलं. आईचं वय वाढवून कोणाला काही फायदा मिळत नव्हता हे पण वकिलांनी पत्रात लिहिलं.

शाळेतून नुसता दाखला नाही, जनरल रजिस्टरचा उतारा आणला, कारण दाखला आज छापून देतात, रजिस्टरचं पान त्या काळचं असतं. हे शाळेला दिवाळीची सुट्टी लागायच्या आत करायला हवं होतं, ते मामांनीच आठवण करून दिलं.

नावाचा प्रश्न मात्र अडून बसला. लग्न १९७४ चं, नोंदणी नाही, गॅझेटमध्ये नाव बदललेलं नाही, त्या काळी कोण बदलत होतं. लग्नपत्रिका एका ट्रंकेत सापडली, त्यावर "चि. सौ. कां. सुशीला", पण वैशाली हे नाव लग्नात ठेवलं त्यामुळे पत्रिकेवर ते असणार कुठून. नुसत्या अॅफिडेव्हिटवर भागवावं लागणार असं वाटत होतं. मग मी विचारलं, आजोबांची जमीन होती का? होती, सव्वा एकर. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली असेल ना? झाली होती, १९९३ ला. तो फेरफार काढला, आणि त्यात वारसांची यादी, भावांची नावं, आणि मुलींमध्ये "वैशाली दत्तात्रय" अमुक "उर्फ सुशीला", नातं मुलगी. तलाठ्याने बत्तीस वर्षांपूर्वी लिहिलेला तो एक उर्फ. अर्जाशी काही संबंध नसताना, कोणाला अमेरिका माहीत नसताना लिहिलेला, म्हणूनच त्याला वजन. लग्न झालेल्या बायकांची दोन्ही नावं एका सरकारी कागदावर हवी असतील तर माहेरची वारसनोंद बघा, माझं हे आता पेटंट उत्तर झालंय. भावांनी हक्कसोड करून घेतली असेल तर त्यातही नाव सापडतं, तो विषय वेगळा.

अॅफिडेव्हिटं दोन, मामांचं आणि वाडीवरच्या एका ८४ वर्षांच्या आजींचं. इथे लोक एक चूक करतात, वकिलाकडे असलेला तयार नमुना वापरतात, "मी सदर व्यक्तीस ओळखतो व तिची जन्मतारीख अमुक आहे". ओळखतो कसा ते नाही. अॅफिडेव्हिटमध्ये सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, त्याची स्वतःची जन्मतारीख आणि ठिकाण, नातं, आणि ही गोष्ट त्याला कशी माहीत हे पाहिजे. मामा जन्माच्या वेळी नऊ दहा वर्षांचे होते. त्यांनी सांगितलं की आई माजघरात बाळंत झाली, मला सुईणीला बोलवायला पाठवलं होतं, रात्रीची वेळ होती आणि मी कंदील घेऊन गेलो होतो. हे जसंच्या तसं घातलं. जन्मावेळी जो स्वतः जन्मलेलाच नव्हता त्याच्या अॅफिडेव्हिटला किंमत नाही, आणि असे कागद आमच्याकडे दर महिन्याला येतात.

एक गोष्ट ज्याने सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, मूळ कागद साताऱ्याहून कुरिअर करायची गरज नव्हती. पत्रात खास मूळ प्रत मागितली नसेल तर स्वच्छ फोटोकॉपी चालते. मूळ कागद सांभाळून ठेवायचे, पुढे मागितले किंवा इंटरव्ह्यूला लागले तर दाखवायचे. स्कॅन मात्र दुकानातून करून ईमेलने मागवा, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या कागदावरचा शिक्का निळा डाग दिसतो नुसता.

मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, सारांश नाही, शिक्क्यातला मजकूर, समासातला शेरा, सगळं. खाली भाषांतर करणाऱ्याने लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, नाव, सही, तारीख, पत्ता. नोटरी लागत नाही. मुलीला स्वतःला छान मराठी येत होतं पण तिचाच अर्ज, म्हणून आम्ही तिला करू दिलं नाही, तिच्या ऑफिसातल्या एका पुणेकर मुलाने केलं आणि "उर्फ" ला काय लिहायचं ह्यावर माझ्याशी अर्धा तास वाद घातला.

तारखा आम्ही उलट्या लावल्या होत्या. १३ नोव्हेंबरला पोचलं पाहिजे, ११ ला व्हेटरन्स डे, म्हणून ५ च्या सुमारास पोचवायचं ठरवलं, म्हणजे कुरिअर ३ ला, भाषांतरं आणि कव्हर लेटर ऑक्टोबरच्या शेवटी, आणि साताऱ्याचे सगळे स्कॅन १७ ऑक्टोबरपर्यंत कारण २१ ला लक्ष्मीपूजन आणि त्या आठवड्यात तिकडे कोण भेटणार. म्हणजे कागदावर ८७ दिवस असले तरी पत्र हातात पडल्यापासून मामांना खरे मिळाले सात आठवडे, त्यात पितृपक्ष, नवरात्र आलं.

पाकिटात सगळ्यात वर आरएफईचं मूळ पत्र ठेवायचं, त्याची कॉपी नाही, त्यावरूनच तिकडे पाकीट कुठल्या फाईलला लावायचं ते कळतं. मग कव्हर लेटर, ज्यात त्यांच्याच मुद्द्यांच्या क्रमाने, तुम्ही हे विचारलंत, हे उत्तर, हा कागद, असं लिहायचं, आणि मग कागद त्याच क्रमाने. जे मिळालंच नाही ते का मिळालं नाही ते पण लिहायचं, गाळायचं नाही. आणि कृपा करून मुलांच्या शाळेची सर्टिफिकेटं आणि सत्यनारायणाचे फोटो घालू नका, न विचारलेलं भरलं की विचारलेलं त्यात बुडतं. पत्ता आरएफईवर दिलेलाच वापरायचा, अर्ज भरताना वापरलेला नाही. कधीकधी दोन पत्ते असतात, एक साध्या पोस्टाचा आणि एक कुरिअरचा, कारण फेडेक्स वगैरे पीओ बॉक्सवर देऊ शकत नाहीत. पूर्ण पाकिटाची कॉपी घरी, ट्रॅकिंगची डिलिव्हरीची पावती सेव्ह करून ठेवा. काही केसेसमध्ये ऑनलाइन अकाउंटवरून उत्तर अपलोड करता येतं, तशी सोय तुमच्या अकाउंटवर दिसत असेल तर ती वापरा, पण तिथेही सगळं एकदाच चढवायचं. उत्तर द्यायला फी नसते, कोणी ईमेल करून आरएफईची फी मागत असेल तर तो चोर आहे.

तारीख चुकलीच तर काय, हा प्रश्न येतोच. सोडून दिलेला अर्ज म्हणून नाकारला तर त्यावर अपील नाही. केस पुन्हा उघडा असं आय-२९०बी फॉर्मवर सांगता येतं, साधारण ३० दिवसांत, निर्णय पोस्टाने आला असेल तर ३३, पण कारणं मोजकी आहेत, जसं की मागितलेला कागद आधीच दिला होता किंवा निकालासाठी तो लागतच नव्हता, किंवा त्यांनी पत्र चुकीच्या पत्त्यावर पाठवलं. घर बदललं असेल आणि तुम्हीच दहा दिवसांत पत्ता कळवला नसेल तर चुकीचा पत्ता हे कारण तुमच्या कामाचं नाही. आई व्हिजिटर म्हणून आलेली आणि तिची सहा महिन्यांची मुदत अर्ज चालू असताना संपलेली असेल तर आय-४८५ नाकारल्यावर तिला इथे राहायला आधारच उरत नाही, आणि २०२५ पासून अशा नकारानंतर इमिग्रेशन कोर्टाची नोटीस यायची शक्यता वाढलीये, म्हणून पालकांच्या केसमध्ये मी तारखेच्या बाबतीत जरा जास्तच कटकट करते.

मैत्रिणीचं पाकीट ५ नोव्हेंबरला पोचलं. स्टेटस लगेच बदलत नाही, ती दिवसातून चार वेळा बघायची, शेवटी १४ तारखेला बदललं, "Response To USCIS' Request For Evidence Was Received". ते शेवटच्या तारखेनंतर दिसलं म्हणून ती घाबरली, पण स्टेटस कधी अपडेट झालं ह्याला महत्त्व नसतं, पाकीट कधी पोचलं ह्याला असतं, आणि ती पावती तिच्याकडे होती. साताऱ्याहून मामांचा फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी, तो १९९३ चा फेरफार बघताना त्यांच्या लक्षात आलं होतं की धाकट्या बहिणीचं नाव त्यात चुकीचं पडलंय, आणि आता ते दुरुस्त कसं करायचं ते त्यांना माझ्याकडून हवं होतं.